राजकोषीय धोरण आणि मौद्रिक धोरण यांत फरक काय?

प्रश्न: बातमीत दोन्ही शब्द एकत्र आले. राजकोषीय कोणतं, मौद्रिक कोणतं?

उत्तर: कर किती घ्यायचा आणि खर्च कुठे करायचा हे सरकार ठरवतं, ते राजकोषीय धोरण, व्याजदर मध्यवर्ती बँक ठरवते, ते मौद्रिक (बातम्यांतलं पतधोरण). दोघांचा निशाणा एकच असतो, लोकांच्या आणि उद्योगांच्या हातून होणारा खर्च. म्हणूनच ते एकमेकांच्या विरोधातही जाऊ शकतात. 2022 चं ब्रिटन बघा. महागाई रोखण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने 22 सप्टेंबरला व्याजदर 1.75 वरून 2.25 टक्के केला, म्हणजे कर्ज महाग, खर्च कमी. दुसऱ्याच दिवशी सरकारने सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, म्हणजे लोकांच्या हातात जास्त पैसा. करकपातीने पडणारी तूट सरकार कर्ज काढूनच भरणार हे दिसताच सरकारी रोख्यांच्या किमती कोसळल्या. शेवटी 28 तारखेला बँकेलाच ते रोखे विकत घ्यावे लागले आणि काही आठवड्यांत बहुतेक करकपात मागे घेतली गेली. एक मर्यादा मात्र लक्षात घ्या: व्याजदर झटक्यात बदलता येतो, पण महागाईवर पूर्ण परिणाम दिसायला साधारण वर्ष-दोन वर्षं जातात, आणि व्याजदर अमुक एका गटापुरता लावता येत नाही, करसवलत तशी देता येते.