लाल गोलांचं पत्र

«मॅडम, आमची बदली ओडिशात झाली आणि मुलाला सहावीत घातलं. तिथे ओडिया शिकावीच लागते. वर्गात मुख्याध्यापकांना रजेचं पत्र लिहायला दिलं होतं, ते नुसत्या लाल गोलांनी भरून परत आलंय. ष च्या जागी प लिहितो, जोडाक्षरं तर सगळीच चुकतात. बाई म्हणाल्या, एकदा तपासून घ्या. याला डिस्लेक्सिया आहे का हो?»

आईने विचारलेला हा प्रश्न थोड्याफार फरकाने मला राउरकेल्याहून आला, अंगुलहून आला, भुवनेश्वरहूनही आला. तपासणीला माझी ना नाही, पण त्याआधी एक साधी गोष्ट करून पाहावी. मुलाला मराठीत आठ ओळी लिहायला सांगा आणि त्याच्या जुन्या पाठ्यपुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला द्या. शब्द अडखळत फोडत असेल, अक्षरं गाळत असेल, ओळ हरवत असेल, तर तज्ज्ञांकडे जाच. मराठी सरळ असेल आणि गोंधळ फक्त ओडियात असेल, तर अडचण बहुधा लिपीच्या ओळखीत आहे. या मुलाचं मराठी स्वच्छ होतं. र्‍हस्व-दीर्घाची एक चूक, बस.

मग मी पत्र मागवलं. नऊ ओळी, तेवीस गोल. आईला ते तेवीस अपराध वाटत होते. मी मात्र गोल मोजत नाही, त्यांच्या राशी करते. मुलाची चूक म्हणजे त्याने लावलेल्या तर्काची खूण असते, असं मी मानते. तर्क सापडला की एकाच तर्काच्या दहा चुका एकदम सुटतात. इथे दोन मोठ्या राशी निघाल्या: एकसारखी दिसणारी गोल अक्षरं आणि जोडाक्षरं. किरकोळ चुका त्यानंतर उरल्या.

पहिली रास. ओडिया अक्षराला आपल्यासारखी शिरोरेषा नाही, डोक्यावर गोल छत्री आहे. याचं कारण ताडपत्र असं सांगितलं जातं. लोखंडी लेखणीने पानाच्या तंतूंच्या दिशेने सरळ आडवी रेघ ओढली की पान चिरतं, म्हणून रेघ वळून गोल झाली. ही छत्री बहुतेक अक्षरांवर सारखीच असते आणि अक्षराची बरीच जागा तीच खाते. फरक असतो तो पोटात, नाहीतर पायाशी. मराठीत वाढलेलं मूल मात्र अक्षराचा सगळा आकार एका नजरेत घेतं. ओडियाचं पान त्याच नजरेने पाहिलं की सगळीकडे छत्र्याच दिसतात.

मी त्याला पत्रातला ‘विषय’ हा शब्द दाखवला. ओडियात तो ‘बिषय’ असा लिहितात. त्याने मधे प काढला होता.

«हे काय लिहिलंस?»

«बिषय.»

«यातला ष कुठला?»

त्याने बोट ठेवलं आणि गप्प झाला. मग म्हणाला, «पण तो प सारखाच असतो ना.»

«मराठीत ष कसा काढतोस?»

त्याने हवेत बोट फिरवलं. आधी प, मग पोटात तिरकी रेघ. बोट तिथेच थांबलं. «इथेपण तसंच आहे?»

तसंच आहे. ओडिया ष च्या पोटातही प पेक्षा एक फटकारा जास्त आहे. हे नातं कुणी दाखवून दिलं नव्हतं, म्हणून बिचारा दोन परकी अक्षरं पाठ करत बसला होता. याच शब्दाचं शेवटचं अक्षर य. ओडियात दिसायला जवळची अशी दोन अक्षरं आहेत. एकाचा उच्चार ज होतो, दुसर्‍याचा य, आणि य च्या खाली उजवीकडे शेपटी जादा असते. त्याने ती शेपटी खाल्ली होती. म्हणजे पोटातला फटकारा आणि पायाची शेपटी, एवढ्या दोन गोष्टींमुळे एका शब्दावर दोन गोल पडले.

घरी काय करायचं ते सांगते. पेन्सिलने एकेक इंचाच्या दहा नुसत्या छत्र्या काढून द्या. मूल प्रत्येक छत्रीत शाईच्या पेनाने फक्त फरकाचा भाग भरेल: एकीत प चा, पुढचीत ष चा, असं आलटूनपालटून. एका दिवशी एकच जोडी, दहा मिनिटं. ग आणि श ची जोडी घेतलीत तर फरक डाव्या टोकाशी शोधायला लावा. सगळी वर्णमाला पाच-पाच वेळा लिहून घेऊ नका. त्यात हात बराच वेळ छत्रीच गिरवतो, आणि छत्री तर त्याला येतेच.

आता जोडाक्षरं. ओडियात त्यांना युक्ताक्षर म्हणतात. दुसरं व्यंजन बहुधा लहान होऊन पहिल्याच्या खाली जातं. काही जागी ते सरळ ओळखू येतं. ‘षष्ठ श्रेणी’ मधला ठ घ्या. ओडिया ठ म्हणजे नुसतं वर्तुळ, त्यामुळे दुसर्‍या ष खाली बारकं वर्तुळ आलं की झालं. काही जागी दोन्ही अक्षरं अशी विरघळतात की सुटी शोधण्यात अर्थ नाही. ‘आपणङ्क’, म्हणजे ‘आपल्या’, यातला ङ्क तसा आहे. आदरार्थी बोलण्यात तो इतक्यांदा येतो की एकच अक्षर समजून घोटावा. मुख्याध्यापकांच्या पत्रात तो टळतच नाही.

मुलगा खरा अडला तो तिसर्‍या प्रकारात. पत्रातलं वाक्य होतं: ‘दुइ दिन ज्वर हेतु असुस्थ थिलि’, दोन दिवस तापामुळे आजारी होतो. ‘असुस्थ’ मध्ये त्याने स च्या खाली पूर्ण थ बारीक करून बसवला होता, आणि त्यावर गोल होता. बाईंनी शेजारी बरोबर शब्द लिहून दिला होता. तो त्याने दहा वेळा उतरवला आणि अकराव्या वेळी पुन्हा बारका थ काढला. आई म्हणाली, «बघा, लक्षच नसतं.»

मी विचारलं, «बाईंनी लिहिलेला शब्द वाच.»

«असुस्छ.»

«म्हणजे काय?»

«काही नाही. म्हणून तर मी थ काढतो. बाईंचंच चुकलंय.»

आई दचकली. मला मात्र आनंद झाला, कारण तर्क हाती लागला होता. मुलाचं लक्ष चांगलं होतं. त्याने जे पाहिलं ते खरंच तसं होतं. ओडियात खाली गेलेला थ आणि खाली गेलेला छ एकाच रूपात लिहितात. ‘इच्छा’ मधल्या च खाली त्याने ते रूप छ म्हणून शिकलं होतं, आणि स खाली तेच पाहून प्रामाणिकपणे छ वाचलं होतं. दहा वेळा उतरवताना तो आपल्या मते चुकीचा शब्द उतरवत होता.

मी त्याला कोर्‍या कागदावर तीन शब्द लिहून दिले: इच्छा, असुस्थ, ग्रन्थ. «तिन्हींत खालचं चित्र एकच आहे. वर कोण कोण आहे?»

«च, स, न.»

«स च्या खाली छ असलेला एखादा शब्द सांग. मराठीतला चालेल.»

बराच वेळ गेला. मी मधे बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हे निम्मं काम असतं. मग तो म्हणाला, «नाहीये. च खाली असला तर छ. स खाली, न खाली असला तर थ. वरचा बघायचा.»

‘वरचा बघायचा’ हा नियम त्याचा, मी फक्त वहीच्या मुखपृष्ठावर लिहायला लावला. त्याच पत्रातलं ‘उपस्थित’ त्याने न विचारता दुरुस्त केलं.

लगेच पुढचा शब्द ‘थिलि’. इथे थ पूर्ण आहे, पण र्‍हस्व इकार नेहमीसारखा डोक्यावर बसत नाही. ख, थ आणि ध यांना इकार लागला की त्याची गाठ खाली उजवीकडे येते. ही तीन अक्षरं एका कार्डावर लिहून टेबलावर ठेवली की पुरे. दोन शेजारच्या शब्दांत थ ची दोन वेगळी रूपं, आणि मूल गोंधळलं तर आपण म्हणतो लक्ष नाही!

एक गोष्ट वहीची. खाली व्यंजन, त्याखाली कधी उकार, एवढं सगळं एकरेघी वहीच्या एका ओळीत मावत नाही. खालचं रूप पुढच्या ओळीच्या छत्रीला धडकतं आणि बाई गोल करतात. एक ओळ सोडून लिहायला सांगितलं, तर पुढच्या पत्रात चार गोल नुसते तेवढ्यानेच गेले.

उरल्या उच्चाराच्या चुका. ओडिया बोलण्यात श, ष, स तिन्ही स सारखेच ऐकू येतात आणि क्ष चा उच्चार ख्य होतो. मुलाने ‘शिक्षक’ कानाने लिहिला होता, ‘सिख्यक’. मी म्हटलं, «मराठीत कसा लिहितोस?» झालं. शिक्षक, षष्ठ, श्रेणी हे शब्द त्याला आधीपासून येत होते. कान ओडियाचा ठेवायचा आणि स्पेलिंग मराठीचं विचारायचं. परक्या प्रांतात मराठी अडसर ठरेल अशी भीती पालकांना असते. या पत्रापुरती तरी ती शिदोरी ठरली. फक्त आपला व तिथे बहुधा ब होतो, हे लक्षात ठेवावं लागतं.

हे सगळं सहा भेटींत झालं. वर फक्त मोक्याचं बोलणं दिलंय, मधल्या दोन भेटी तर नुसत्या छत्र्या भरण्यात गेल्या. महिन्याने नवं पत्र आलं, त्याच मुख्याध्यापकांना, यावेळी सहलीच्या परवानगीचं. लाल गोल एकच होता, ‘विद्यालय’ वर. त्यातला द्य बरोबर होता, य उजव्या बाजूला आकड्यासारखा जोडलेला. शब्दाच्या शेवटचा पूर्ण य शेपटीसकट होता. चुकला होता तो मधला ल. ओडियात तो शब्द ‘बिद्याळय’ आहे, ळ ने.

«मॅडम, हा तुमच्यामुळे,» तो म्हणाला. «मी मराठीला विचारलं होतं.»