‘काकू’ आडनावाला, ‘ताई’ नावाला

प्रश्न: मी बंगळुरूत वाढले, आता नोकरीसाठी पुण्यात राहते. सोसायटीत आणि ऑफिसात वयाने मोठ्या बायकांना ताई म्हणू, काकू की मावशी? नुसतं नाव घेतलं तर खरंच राग येतो का?

सोसायटीत येतो, फक्त तुमच्या तोंडावर कुणी बोलून दाखवणार नाही. दार लावून आत गेल्यावर ‘कोण गं ती, सरळ नावाने हाक मारते’ एवढं घरच्यांना ऐकवलं जाईल. ऑफिसचं वेगळं आहे, त्याकडे शेवटी येते.

समजा तुमच्या समोरच्या घरात साठीच्या सुमन जोशी राहतात, सोसायटीच्या सेक्रेटरी चाळिशीच्या मेधा आहेत, आणि तुमच्याकडे पोळ्या करायला पन्नाशीच्या छाया येतात.

जोशींच्या घरी तुम्ही शेजारी म्हणून गेलात, म्हणून त्या ‘जोशीकाकू’. इथे काकू आडनावाला लागते हे लक्षात घ्या. काकू म्हणजे काकांची बायको. घरातले गृहस्थ जोशीकाका झाले की त्या आपोआप जोशीकाकू होतात. मैत्रिणीच्या आईलाही याच हिशेबाने काकू म्हणतात. ‘सुमनकाकू’ म्हणायचं ते येणंजाणं वाढल्यावर, घरातल्यासारख्या झाल्यावर. ताई आणि मावशी मात्र पहिल्यापासून नावालाच जोडतात: मेधाताई, शोभामावशी. ‘जोशीताई’ कानाला जरा खटकतं. मावशी म्हणजे आईची बहीण, म्हणून आईच्या मैत्रिणींना मावशी म्हणतात. तुमची आई पुण्यात आली आणि तिची व सुमन जोशींची गट्टी जमली, तर जोशीकाकूंच्या सुमनमावशी झालेल्याही तुम्हाला दिसतील.

काकूला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे त्यात लग्न गृहीत धरलेलं असतं. लग्न न केलेल्या बाईंना काकू म्हटलं की त्यांना सांगावं तरी लागतं किंवा गप्प बसावं लागतं, आणि दोन्ही अवघडच. दुसरी अडचण ‘काकूबाई’ या शब्दाची. जुन्या वळणाच्या, टापटिपीकडे लक्ष नसलेल्या बाईला चिडवायला तो वापरतात, त्याची थोडी छटा काकूलाही चिकटलेली आहे. म्हणून चाळिशीच्या मेधांना काकू म्हणू नका, त्यांची मुलं कॉलेजात असली तरीही. माझा साधा हिशेब असा की आपल्या आईचं वय डोळ्यासमोर धरायचं. बाई त्याच्या आसपासच्या किंवा पुढच्या असतील तर काकू किंवा मावशी, मध्ये कुठेतरी असतील तर ताई. शंका आली की एक पायरी खाली उतरायचं. साठीच्या बाईंना ताई म्हटल्याचा राग आलेला मी पाहिलेला नाही. पस्तिशीच्या बाईंना काकू म्हटल्यावर मात्र चेहरा बदलतो. (मला भाजीवाला वहिनीवरून काकूवर आणून बसवून बरीच वर्षं झाली. तो आता आजी कधी म्हणतो, त्याची वाट बघतेय.)

आत्या मात्र परक्या बाईंना सहसा म्हणत नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत सासूला आत्या म्हणतात. मुलाने मामाची मुलगी करायची पद्धत होती, आणि मुलीकडून पाहिलं तर तिची सख्खी आत्याच सासू व्हायची. तिकडे ओळख नसताना कुणाला आत्या म्हणून बघा, हशा पिकेल.

आता छाया. इथे जपून. पुण्या-मुंबईत घरकाम करणाऱ्या, दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या, शाळेत मुलांना सांभाळणाऱ्या बायकांना सरसकट मावशी म्हणतात. शब्द नात्याचा आहे, पण इतका त्या कामाशी बांधला गेलाय की काही घरांत ‘आज मावशी आल्या नाहीत’ म्हणजे कोण आल्या नाहीत हे विचारावंच लागत नाही. त्यामुळे सोसायटीतल्या एखाद्या बाईंना नवख्या माणसाने नुसतं ‘मावशी’ म्हटलं तर त्यांना ते लागू शकतं. नाव जोडून ‘शोभामावशी’ म्हटलं की तो प्रश्न उरत नाही. छायांनाही ‘छायाताई’ म्हणा. नाव घेतलं की त्या माणूस म्हणून समोर येतात, नुसतं ‘मावशी’ कुणालाही उद्देशून असू शकतं.

पण खरा आदर या जोडशब्दांत नाहीच, तो क्रियापदात आहे. ‘मावशी, उद्या लवकर ये’ आणि ‘मावशी, उद्या लवकर याल का?’ यांत मावशी दोन्हीकडे तीच आहे. सख्ख्या मावशीला, ताईला, आजीला आपण ‘अगं’ म्हणतो, ‘तू’ म्हणतो, आणि त्यात काही कमी होत नाही. ती जवळीक परक्या बाईशी बोलताना आणली की उर्मट वाटते. त्यांना ‘अहो’ आणि ‘तुम्ही’. त्यांच्या माघारी बोलतानाही हा फरक सुटत नाही. सख्ख्या बहिणीबद्दल ‘ताई आली, ताईला सांग’, मेधांबद्दल ‘मेधाताई आल्या, मेधाताईंना सांगा’. त्या ‘ताईंना’मधला अनुस्वार गाळलात तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. बाहेर वाढलेल्या मराठी मुलामुलींचं बहुतेक इथेच अडतं. ताई-काकू ती बरोबर म्हणतात आणि पुढे ‘काकू, तू जेवलीस का?’ विचारतात. जोशीकाकू हसून सोडून देतील, पण सगळ्याच सोडतील असं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘बाई’ही कानावर पडेल. एके काळी नावाला जोडायचा हाच मानाचा शब्द होता. 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या दोघींची नावं पाहा: 1892 साली जन्मलेल्या गुरू त्या ताराबाई मोडक, आणि 1910 साली जन्मलेल्या शिष्या अनुताई वाघ. गाण्यातही तसंच, आई मोगूबाई कुर्डीकर आणि लेक किशोरीताई आमोणकर. आज तुम्ही नव्याने कुणाला ‘मेधाबाई’ म्हणालात तर नाटकातल्यासारखं वाटेल. नावाशिवाय नुसतं ‘बाई’ मात्र मराठी शाळेत अजून पूर्ण मानाने चालतं, तिथे बाई म्हणजे शिक्षिका.

ऑफिसात ताई-काकू नकोच. आयटी कंपनीत सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, तिथे साठीच्या बाईंनाही नुसतं नाव चालतं. फक्त बोलणं मराठीत वळलं की ‘तुम्ही’वर या: ‘मेधा, तुम्ही मेल बघितलीत का?’ नुसतं नाव आणि पुढे तुम्ही, हे ऐकायला थोडं विचित्र आहे, पण पुण्यातल्या ऑफिसांत रुळलेलं आहे. सरकारी कचेरीत किंवा बँकेत ‘मॅडम’ म्हणून मोकळं व्हा. तिथे काउंटरवरच्या बाईंना काकू म्हटलंत तर तुमचं काम अडणार नाही कदाचित, पण त्या मान वर करून बघतील नक्की.

एवढं करूनही कळत नसेल तर विचारून टाका: ‘तुम्हाला काय म्हणू?’ मेधा बहुधा म्हणतील, ‘अगं, नुसतं मेधा म्हण.’ पहिल्यांदा हे सौजन्य म्हणूनही असतं, तेव्हा काही दिवस मेधाताईच म्हणत राहा. पुन्हा म्हणाल्या तर खुशाल नावाने हाक मारा, पण ‘तुम्ही’ सोडू नका. ‘तू’ म्हणायची परवानगी त्या वेगळी देतील.