गळलेले पान कोणत्या झाडाचे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

वाचकांकडून वाळक्या पानांची पाकिटे येत राहतात आणि बहुतेक पाकिटांत घोळ एकच असतो: जे पान म्हणून पाठवलेले असते ते पूर्ण पान नसून पानाचा एक तुकडा, म्हणजे पर्णिका, असते. यावेळी त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

पानाची कडा गुळगुळीत आहे, दाते नाहीत. झाड कोणते?

एवढ्यावरून सांगता येत नाही. वड, पिंपळ, आंबा, जांभूळ या सर्वांच्या कडा अखंडच असतात. शिवाय एकाच जातीत वयानुसार कडा बदलते: मोठ्या फणसाचे पान अखंड असते, पण त्याच्या रोपाच्या पानांना पुष्कळदा खोल खाचा असतात.

पाने फांदीवर समोरासमोर होती की एकाआड एक, हे गळलेल्या पानावरून कसे ओळखू?

ओळखता येत नाही. झाडाखाली पडलेली एखादी डहाळी शोधा आणि तिच्यावरचे पानांचे वण पाहा.

जांभळाचे पान शिरांवरून ओळखता येते असे ऐकले आहे. खरे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. पान उजेडासमोर धरा. मधल्या शिरेपासून निघालेल्या बारीक, दाट आणि जवळजवळ समांतर उपशिरा कडेपर्यंत जात नाहीत; कडेच्या किंचित आत, कडेला धरूनच धावणाऱ्या एका शिरेला त्या मिळतात. मात्र जांभळाच्या कुळातल्या इतर झाडांतही अशी कडेची शीर आढळते, म्हणून ती दिसली की कूळ जुळले एवढेच समजा आणि जातीसाठी फूल किंवा फळ पाहा.

सोबत लांबट, नागमोडी कडेचे पान पाठवत आहे. साल विकणारा म्हणतो की हा खरा अशोक आहे, पानावरूनच कळते. बरोबर आहे ना?

नाही, आणि ज्याला साल विकायची आहे त्याच्याकडून झाडाची ओळख करून घेणे हीच पहिली चूक आहे. सरळसोट वाढणाऱ्या खोट्या अशोकाची साल खऱ्या अशोकाच्या नावाने खपवली जाते, हा प्रकार जुना आणि सर्वज्ञात आहे.

दोन्हींची गळलेली ‘पाने’ लांबट, टोकदार आणि चकचकीत असतात. खोट्या अशोकाची कडा ठळकपणे नागमोडी असते, तर खऱ्याची बहुधा सपाट किंवा किंचित लहरी. पण वाळताना कोणतीही कडा वळते, त्यामुळे जमिनीवरच्या पानाची लहर हा पुरावा मानू नये. खरा भेद रचनेत आहे. खोट्या अशोकाचे पान साधे असते. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त असून एका दांड्यावर पर्णिकांच्या साधारण चार ते सहा जोड्या असतात आणि टोकालाही जोडीच असते, एकटी पर्णिका नसते. म्हणजे तुम्ही उचललेले ‘पान’ खऱ्या अशोकाचे असेल, तर ते पूर्ण पानाचा जेमतेम दहावा हिस्सा असेल.

येथे आणखी एक फसगत होते. खोट्या अशोकाची पाने डहाळीच्या दोन्ही बाजूंना, एकाच पातळीत, एकाआड एक लागतात, त्यामुळे अख्खी डहाळीच संयुक्त पानासारखी दिसते. तेव्हा कळ्या शोधाव्यात. प्रत्येक पानाच्या देठाच्या बगलेत एक बारीक कळी असते. पर्णिकेच्या बगलेत ती कधीच नसते. तुमच्या हातातल्या दांड्यावर प्रत्येक ‘पानाच्या’ बुडाशी कळी असेल आणि टोकालाही कळी असेल, तर ती डहाळी आहे. बगला रिकाम्या असून टोक एका जोडीवर संपत असेल आणि कळी फक्त दांडा फांदीला जोडला जातो तेथे असेल, तर ते संयुक्त पान आहे. कळी खसखशीच्या दाण्याहूनही लहान असू शकते, म्हणून भिंग वापरा.

तुम्ही पाठवलेल्या सुट्या पानाला ना दांडा आहे ना डहाळी, त्यामुळे मी निर्णय देणार नाही. शिवाय हे सर्व तपासूनही फक्त झाड ठरते. विकणाऱ्याच्या पोत्यातली साल त्याच झाडाची आहे हे ठरत नाही. साल पोटात घेण्यापूर्वी ती वनस्पतितज्ज्ञाला आणि तुमच्या वैद्यांना दाखवा.

पान हृदयाच्या आकाराचे आहे, म्हणजे पिंपळच ना?

ऐकीव गोष्ट आहे. पारोसा पिंपळाचे पानही हृदयाकृती असते. पिंपळाचे टोक लांब शेपटीसारखे ओढलेले असते, पारोशाचे तसे नसते. टोक तुटले असेल तर दुसरे पान घ्या.

दोन महिन्यांपूर्वी वेचलेले पान आता चुरगळले आहे, कडा दिसत नाही. काय करू?

त्याच दिवशी वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवले असते, तर हा प्रश्न आला नसता. कोमट पाण्यात ठेवून नरम करा, मग हळूच उलगडून दोन कागदांत दाबा. कडेला कीड लागली असेल, तर कुरतडल्याच्या खुणा दातेरी कडेसारख्या भासतात; खरे दाते बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या धाटणीचे असतात आणि पुष्कळदा उपशिरेचे टोक दात्यात शिरलेले दिसते. तरीही शंका राहिली तर त्याच झाडाची कळ्यांसह ताजी डहाळी घेऊन जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा.