स्लॅबवर कामगाराला उन्हाचा त्रास झाला, तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

प्रश्न: काल आमच्या भांडुपच्या साइटवर सळई बांधणाऱ्या एका कामगाराला चक्कर आली, उलटी झाली. मोबाइलवर तापमान ३४ च होतं. मग उन्हाचा त्रास लिहायचा की नाही? आणि रिपोर्टमध्ये नेमकं काय नोंदवू?

उत्तर:

३४ पाहून फसू नका. मुंबईत तापमानाच्या शेजारी दमटपणा लिहिला नाही, तर तो आकडा अर्धाच राहतो. ३४ अंश आणि ६० टक्के दमटपणा असेल तर सावलीतसुद्धा शरीराला ४२ च्या आसपास जाणवतं, कारण घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यात स्लॅबवर वरून ऊन आणि खाली तापलेल्या सळया. म्हणून वेळ, तापमान, दमटपणा आणि आकडा कुठून घेतला हे चारही लिहा. निदान डॉक्टरांवर सोडा; तुम्ही लक्षणं लिहा.

एक नमुना देतो. नावं काढली आहेत:

"सकाळी ८ पासून पाचव्या मजल्याच्या स्लॅबवर काम, सावली नाही. गावाहून परतून कामाचा दुसरा दिवस. पाण्याचा पिंप तळमजल्यावर. शेवटचं पाणी १०:१५ ला चहाच्या सुट्टीत, साधारण एक ग्लास. १२:४० ला डोकं दुखतंय म्हणाला, १२:५० ला चक्कर व उलटी. भरपूर घाम. नाव, जागा, वार बरोबर सांगितले. १२:५५ ला सावलीत आणून हेल्मेट, बेल्ट, बूट काढले, अंगावर पाणी ओतून पंखा लावला. उलटी थांबल्यावर ओआरएस घोट घोट. १:२० ला बरं वाटलं. सोबत माणूस देऊन दवाखान्यात नेलं. त्या दिवशी पुन्हा काम दिलं नाही."

यात सगळ्यात बोलकी ओळ पाण्याची आहे. बहुतेक रिपोर्टांत "पाण्याची सोय होती" एवढंच असतं. सोय होती, पण माणूस अडीच तास प्यायला नाही, कारण पाण्यासाठी पाच मजले उतरायचे आणि मुकादम ओरडणार. उन्हात दर १५-२० मिनिटांनी ग्लासभर पाणी लागतं, तर पिंप स्लॅबवरच हवा. कारण लिहिताना "कामगाराने पाणी प्यायले नाही" असं त्याच्यावर ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरी ओळ गावाहून परतल्याची. आठवडाभर किंवा जास्त दिवस उन्हातल्या कामापासून दूर राहिलं की अंगाची सवय मोडते. अशा जुन्या कामगारालाही पहिल्या दिवशी निम्माच वेळ उन्हात ठेवतात आणि तीन-चार दिवसांत वाढवत नेतात. नवख्याला तर त्याहून कमी.

नाव आणि जागा विचारल्याची नोंद का? तो असंबद्ध बोलला असता, झटका आला असता किंवा शुद्ध हरपली असती, तर तो उष्माघात समजायचा. मग तोंडाने काही द्यायचं नाही, लगेच १०८, आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं चालूच ठेवायचं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असतो. शुद्धीवर असूनही अर्ध्या तासात उतार पडला नाही, तरी १०८ लाच फोन करा.

तुमच्या घटनेच्या वेळा आजच मुकादम आणि सोबतच्या दोघांना वेगवेगळं विचारून लिहून घ्या. वेळा जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा.