निकेलवरील ऑक्साइडचा थर काळानुसार किती वाढतो?

प्रश्न : आम्ही नागपूरला हिंगण्याच्या कारखान्यात निकेलची पट्टी १००० अंश सेल्सिअसला हवेत ठेवली, तेव्हा ४ तासांत दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम वजन वाढले. १६ तासांत ४ मिलिग्रॅम वाढेल का?

नाही, साधारण २ मिलिग्रॅमच वाढेल, कारण वजनवाढीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. निकेलचे आयन तयार झालेल्या थरातून बाहेर सरकतात तेव्हाच नवा ऑक्साइड बनतो. थर जाड होत गेला की ही वाट लांबते आणि वेग आपोआप मंदावतो. हे वाढलेले २ मिलिग्रॅम म्हणजे केवळ हवेतून आलेला ऑक्सिजन असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे १४ मायक्रॉन ऑक्साइड तयार होतो आणि त्यासाठी जेमतेम ८ मायक्रॉन निकेल खर्ची पडते. या दोन आकारमानांचे गुणोत्तर १.७ च्या आसपास येते, म्हणजे ऑक्साइड धातूचा पृष्ठभाग पूर्ण झाकू शकतो. मॅग्नेशियमचे हेच गुणोत्तर सुमारे ०.८ असल्याने त्याचा ऑक्साइड पृष्ठभागाला अपुरा पडतो. मात्र गुणोत्तर १ पेक्षा जास्त आहे एवढ्यावरून थर टिकेलच असे समजू नये : टंगस्टनचे गुणोत्तर ३ च्या वर असूनही त्याचा थर ताणामुळे फुटतो, आणि १००० अंशांवर तर त्याचा ऑक्साइड वाफ होऊन उडूनही जातो. म्हणून मधल्या वेळांच्याही नोंदी घेऊन वजनवाढीचा वर्ग वेळेसमोर आलेखावर मांडावा; रेषा सरळ राहिली तर हा हिशेब लागू आहे, आणि ती मध्येच वर वळली तर थराला भेगा पडल्याचा संशय घ्यावा.