डब्लिनला बदली झाली तर रात्रपाळी सुटेल का?

"दादा, मी मुंबईत सपोर्टला सकाळच्या शिफ्टमध्ये आहे. त्याच अकाउंटवर डब्लिनला जागा मिळतेय. तिथे हँडओव्हर कसे असतात? रात्रपाळी सुटेल का?"

सोमवार ते शुक्रवार तरी सुटेल. डब्लिन मधोमध आहे. सकाळी सव्वानऊला मुंबईकडून कामं घ्यायची, संध्याकाळी सव्वापाचला सिअ‍ॅटलला द्यायची. तिकडे तेव्हा सकाळचे सव्वानऊ. खरी ओढाताण सिअ‍ॅटल ते मुंबई या सांध्याला होते. त्यांचे संध्याकाळचे साडेपाच म्हणजे तुमचे हिवाळ्यात सकाळचे सात, उन्हाळ्यात सहा. भारतात घड्याळ हलत नाही म्हणून शिफ्ट हलते. कॅबवाल्याचा पहाटेचा फोन त्यामुळेच.

इथे आलास की मार्च सांभाळ. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, आयर्लंडचं शेवटच्या. 2026 मध्ये 8 आणि 29 मार्चला. मधले तीन आठवडे सिअ‍ॅटलशी अंतर आठऐवजी सात तासांचं होतं. मीटिंग त्यांच्या कॅलेंडरवर लावलेली असेल तर ती सव्वाचारलाच येते, आणि आपली शिफ्ट सहापर्यंत. सव्वाचारनंतर आलेलं तिकीट कोणाचं? सिअ‍ॅटलला वाटतं डब्लिनचं, डब्लिनला वाटतं आपण तर सगळं देऊन बसलो. त्या आठवड्यांत पहिलं उत्तर उशिरा गेलेली तिकिटं काढून बघ, नेमकी याच पट्ट्यात सापडतील. आमचा नियम असा: घेणाऱ्याने तिकिटात 'घेतलं' असं लिहीपर्यंत ते देणाऱ्याचंच. ऑक्टोबरअखेर हाच घोळ एक आठवडा पुन्हा होतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यात डब्लिनची वेळसुद्धा `IST` अशीच लिहितात. एका आयरिश ग्राहकाच्या तिकिटावर सिअ‍ॅटलने लिहून ठेवलं: `call customer 3 PM IST`. मुंबईच्या पोराने आपले तीन धरले. ग्राहकाकडे तेव्हा साडेदहा वाजले होते, त्याने फोन उचलला नाही. पोराने शेरा मारला, 'ग्राहक उत्तर देत नाही', आणि तिकीट `Pending` केलं. डब्लिनला खरे तीन वाजले तेव्हा ग्राहक फोनची वाट बघत होता आणि `Pending` असल्यामुळे तिकीट आमच्या चालू यादीत दिसतच नव्हतं. पोराचा दोष नाही, नोटच तशी होती. आता आम्ही `14:00 UTC / 15:00 Dublin` असं लिहितो. सोबत ग्राहकाला काय कबूल केलंय आणि पुढचं पाऊल कोणतं, एवढं पुरतं. दहा ओळींचा इतिहास कोणी वाचत नाही.

आणि सगळंच पुढे ढकलायचं नसतं. ग्राहकाची सिस्टिम बंद पडली असेल तरच तिकीट तीन शहरांत फिरवायचं. बाकीची मूळ माणसाकडेच ठेवायची, नाहीतर प्रत्येक टीम नव्याने लॉग मागते आणि ग्राहक वैतागतो.

ऑफर घेण्याआधी एक विचार: शुक्रवारी सिअ‍ॅटल काम सोडतं तेव्हा मुंबईत शनिवार उजाडलेला असतो, ते कोण घेतं? डब्लिनचा ऑन-कॉल घेतो असं उत्तर आलं, तर शनिवारी पहाटे फोन तुला येणार. किती आठवड्यांनी पाळी येते आणि त्याचा भत्ता किती, हे लेखी घे.