आल्डॉल संघननातील दुहेरी बंध कोठे येतो

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेली उत्तरे मी सावकाश वाचली. ब्युटॅनाल विरल आम्लारीसोबत तापवल्यावर काय मिळते, या प्रश्नात तू उत्पादिताला आठ कार्बनांची सरळ साखळी दिली आहेस आणि त्याला ऑक्ट-२-ईनाल असे नाव लिहिले आहेस. कार्बनांची संख्या बरोबर आहे, दुहेरी बंधही कार्बोनिलला लागून आहे, तरीही रेणू चुकला आहे. ही चूक इतकी बोलकी आहे की आजचे पत्र मी तिच्याभोवतीच लिहितो.

ब्युटॅनाल म्हणजे CH₃CH₂CH₂CHO. सोडियम हायड्रॉक्साइडच्या विरल द्रावणात हायड्रॉक्साइड आयन यातील कोणता हायड्रोजन काढून घेतो, हा पहिला प्रश्न. CHO मधला हायड्रोजन तो काढत नाही, कारण तो गेल्यावर उरणाऱ्या इलेक्ट्रॉन-जोडीला कार्बोनिलच्या पाय बंधात सामावून घेता येत नाही. साखळीच्या टोकाच्या मेथिलचा हायड्रोजनही तो काढत नाही, कारण तेथून कार्बोनिल फार दूर आहे. निघतो तो कार्बोनिलच्या शेजारच्या CH₂ वरचा, म्हणजे अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन, आणि तेथला ऋणभार ऑक्सिजनपर्यंत पसरून एनोलेट तयार होतो. या हायड्रोजनचा pKa साधारण 17 आहे आणि पाण्याचा 15.7, म्हणून कोणत्याही क्षणी ब्युटॅनालचा थोडाच भाग एनोलेटच्या रूपात असतो. हे थोडेपण आपल्या उपयोगाचे आहे, कारण त्यामुळे एनोलेटने हल्ला करावा असे न बदललेले अल्डिहाइड भोवताली मुबलक राहते.

आता तुझी चूक जेथे झाली तेथे येऊ. एनोलेटचा अल्फा कार्बन दुसऱ्या रेणूच्या कार्बोनिल कार्बनला जोडला जातो. तू दोन साखळ्या टोकाला टोक लावून जोडल्यास, परंतु अल्फा कार्बन हे साखळीचे टोक नाही. त्याच्या एका बाजूला CHO आहे आणि दुसऱ्या बाजूला एथिल गट आहे. जोड या मधल्या कार्बनवर होत असल्यामुळे तो एथिल गट फांदी होऊन बाजूला राहतो. जोडणीनंतर ऑक्सिजनवर आलेला ऋणभार पाण्याकडून प्रोटॉन घेतो, हायड्रॉक्साइड परत मिळतो आणि हातात येतो २-एथिल-३-हायड्रॉक्सीहेक्झॅनाल. आल्डॉल तो हाच.

द्रावण तापवले की पुढचा टप्पा घडतो आणि तो मी तुला बाणांसह दोनदा काढायला सांगेन. साधे अल्कोहोल आम्लारीच्या सान्निध्यात आपला OH गट सोडत नाही, कारण हायड्रॉक्साइड सहजासहजी निघून जाणारा गट नाही. मग येथेच तो का जातो? कारण अल्फा कार्बनवर अजून एक हायड्रोजन शिल्लक आहे. आम्लारी आधी तो काढते, पुन्हा एनोलेट बनतो आणि त्या एनोलेटची इलेक्ट्रॉन-जोडी अल्फा व बीटा कार्बनांमध्ये उतरून बीटावरच्या OH ला बाहेर ढकलते. हायड्रोजन आधी जातो, OH नंतर. या क्रमाला E1cB म्हणतात. दुहेरी बंध कार्बोनिलशी संयुग्मित का होतो, याचे कारण या क्रमातच आहे. जो हायड्रोजन काढणे शक्य आहे तो अल्फावर आहे, म्हणून बंध अल्फा आणि बीटा यांच्यातच येतो. बीटाच्या पलीकडच्या CH₂ वरचा हायड्रोजन आम्लारीच्या आवाक्यात येतच नाही.

अंतिम उत्पादित आहे २-एथिलहेक्झ-२-ईनाल, CH₃CH₂CH₂CH=C(CH₂CH₃)CHO. कागदावर ते चटकन मिळवायचे असेल तर एका रेणूच्या कार्बोनिलचा ऑक्सिजन खोड, दुसऱ्या रेणूच्या अल्फा कार्बनवरचे दोन हायड्रोजन खोड आणि उरलेले दोन कार्बन दुहेरी बंधाने जोड. त्यानंतर वस्तुमान तपासावे: 72 अधिक 72 वजा 18, म्हणजे 126, आणि C₈H₁₄O चे वस्तुमान तेवढेच आहे. मात्र तुझ्या सरळ साखळीचेही सूत्र हेच असल्यामुळे ही तपासणी तुझी चूक पकडू शकली नसती. ती पकडते प्रोटॉन एनएमआर. ऑक्ट-२-ईनालमध्ये अल्फा कार्बनवर हायड्रोजन असल्याने CHO चा संकेत दुभंगलेला दिसतो. खऱ्या उत्पादितात अल्फावर हायड्रोजन उरलेलाच नसतो, म्हणून तो संकेत 9.4 च्या आसपास एकेरी, सरळ उभा दिसतो. उत्पादित लिहिल्यावर त्याचा CHO कसा दिसेल हे स्वतःला विचारण्याची सवय लाव.

यावरून पद्धतीची मर्यादाही कळते. २-मेथिलप्रोपॅनालच्या अल्फा कार्बनवर एकच हायड्रोजन असतो. तो जोडणीतच खर्च होतो, एनोलेट दुसऱ्यांदा बनू शकत नाही आणि अभिक्रिया आल्डॉलवरच थांबते. दोन हायड्रोजन खोडायला गेल्यावर एकच सापडला, तर संयुग्मित उत्पादित लिहू नये.

दोन वेगळे कार्बोनिल असतील तेव्हा प्रथम ज्याला अल्फा हायड्रोजन नाही तो शोध. बेंझाल्डिहाइडला तो नाही, म्हणून त्याच्याकडे केवळ ऑक्सिजन देणाऱ्याची भूमिका राहते; ॲसिटोन एनोलेट पुरवते आणि मिळते ४-फेनिलब्युट-३-ईन-२-ओन. दुहेरी बंधावर फेनिल आणि कार्बोनिल परस्परविरुद्ध बाजूंना, म्हणजे E रचनेत असतात, आणि तेथील दोन हायड्रोजनांमधील युग्मन 16 Hz च्या आसपास येते. पण ॲसिटोनची दुसरी बाजू अजून मोकळी असते, हे विसरू नये. विद्यार्थिदशेत मी बेंझाल्डिहाइड आणि आम्लारीच्या मिश्रणात ॲसिटोन थेंबाथेंबाने सोडले होते. फिकट, 40 अंशांच्या आसपास वितळणारे उत्पादित अपेक्षित असताना फ्लास्कमध्ये पिवळेजर्द स्फटिक साचले आणि ते 111 अंशांच्या सुमारास वितळले. ते डायबेंझलॲसिटोन होते. त्या क्रमात प्रत्येक क्षणी बेंझाल्डिहाइड भरपूर आणि ॲसिटोन अपुरे होते, त्यामुळे ॲसिटोनच्या दोन्ही बाजू वापरल्या गेल्या. एकच बाजू हवी असेल तर ॲसिटोन भरपूर ठेवावे लागते.

आता तू प्रोपॅनाल आणि बेंझाल्डिहाइड यांचे उत्पादित काढून पाठव. येथे मात्र प्रोपॅनाल स्वतःशीच जोडले जाण्याची भीती आहे, कारण अल्डिहाइडचा कार्बोनिल हल्ल्याला सहज बळी पडतो. म्हणून या वेळी बेंझाल्डिहाइड आणि आम्लारीच्या मिश्रणात प्रोपॅनाल हळूहळू सोडणेच योग्य ठरेल. त्याला एकच अल्फा बाजू असल्याने माझ्यासारखा घोटाळा होणार नाही. उत्पादिताबरोबर त्याच्या CHO चा संकेत एकेरी असेल की दुभंगलेला, हेही कारणासह लिही.

तुझा,
शिक्षक